मामा शिकवतील, पण गाडीचा विमा चालू आहे का?

“गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये साडेसात लाखांची गाडी कर्जावर घेतली. मिस्टर चालवतात, आता मला शिकायची आहे. लर्निंग लायसन्स आलंय. ड्रायव्हिंग स्कूलवाले वीस दिवसांचे साडेसहा हजार सांगतात. माझे मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, स्वभावानं शांत आहेत, फुकट शिकवतो म्हणतात. घासली-ठोकली तरी विमा तीन वर्षांचा आहे, शिवाय बँकेनं कर्जासोबत वर्षाला चाळीस हजारांची पॉलिसी दिली आहे. साडेसहा हजार वाचवू का?” (नाशिकहून, डिसेंबर)

साडेसहा हजारांचं नंतर बघू. आधी गाडीच्या विम्याचा कागद काढा. त्यावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतील. थर्ड पार्टीची तीन वर्षांची आणि ओन डॅमेजची बहुधा एकाच वर्षाची. २०१८पासून नव्या चारचाकीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, आणि शोरूममध्ये ‘तीन वर्षं बघायला नको’ हे वाक्य त्याच्याच जोरावर फेकलं जातं. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान. स्वतःच्या गाडीचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. एका वर्षाची मुदत असेल, तर तो विमा ऑक्टोबरमध्येच संपला. दोन महिने गाडी त्याच्याशिवाय रस्त्यावर आहे.

शिकाऊ माणसाची गाडी कुठे लागते? बहुतेक वेळा सोसायटीच्या गेटच्या खांबाला, वळताना, दहाच्या स्पीडला. बंपर, हेडलॅम्प, फेंडर आणि रंगकाम धरून तीस-पस्तीस हजार कुठे गेले नाहीत. आजच्या घडीला ते सगळे तुमच्या खिशातून. बँकेच्या चाळीस हजारांचं म्हणाल, तर पॉलिसीवरचं नाव वाचा. वर्णनावरून तो आयुर्विमा दिसतो. तो माणूस गेल्यावर किंवा मुदत संपल्यावर पैसे देतो, खांबाला लागलेल्या बंपरचे देत नाही. कर्ज मंजूर करताना समोरचा माणूस अडलेला असतो, तेव्हाच हे कागद पुढे सरकवले जातात, याची मला मनापासून चीड आहे. पुढचा हप्ता भरण्याआधी सरेंडर केली तर किती मिळतील हे बँकेकडून लेखी मागवा आणि आकडा मला कळवा.

आता ओन डॅमेज. गाडी वर्षाची झाली, म्हणजे तिची विम्यातली किंमत सहा लाखांच्या आसपास धरतील. हप्ता दहा हजारांच्या घरात बसेल. पहिल्या वर्षी क्लेम घेतला नसेल तर त्यावर वीस टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दोन हजार सुटतात. पण मुदत संपून नव्वद दिवस उलटले की हा बोनस जातो. कागदावरच्या ऑक्टोबरमधल्या तारखेपासून नव्वद दिवस मोजा, तेवढाच वेळ तुमच्याकडे आहे. मध्ये खंड पडल्यामुळे कंपनी गाडीची तपासणी करेल, बहुतेकदा मोबाईलवर व्हिडिओ मागवते. आधीचा ओरखडा असेल तर तो दिसू द्या, लपवलात तर पुढचा क्लेम अडेल. झीरो डेप्रिसिएशन जरूर घ्या. साध्या विम्यात बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात, आणि तुमचा बंपरच आधी लागणार आहे.

विमा चालू झाला तरी एक अट राहते. लर्निंग लायसन्सवर चालवताना पुढे-मागे लाल ‘L’ हवा आणि शेजारी पक्कं, चालू लायसन्स असलेला माणूस हवा. नाहीतर क्लेम नाकारायला कंपनीच्या हातात कारण आलंच. मामांनी जन्मभर एसटी चालवली असेल, पण रिटायर झाल्यावर लायसन्स रिन्यू केलं का? पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं. तारीख स्वतः बघा.

राहिला तुमचा प्रश्न. स्कूल लावा, पण वीसही दिवस नकोत. दहा दिवसांचा दर विचारा, साडेतीन-चार हजारांत जमायला हवं. स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो, मामांच्या हाती फक्त हँडब्रेक. पहिले आठ दिवस हा फरक मोठा आहे. शिवाय अर्ध्या क्लचवर गाडी रेटत शिकलात तर क्लचप्लेट तुमची जळते, आणि ती झीज विम्यात येत नाही. सहा-आठ हजार तिथेच गेले.

स्कूलची एक खोड मात्र ओळखा. मास्तर आपल्या बाजूनं क्लच दाबत राहतात आणि आपल्याला वाटतं, हात बसला. पाचव्या-सहाव्या दिवशी चढावर गाडी थांबवायला लावा आणि त्यांना पाय मागे घ्यायला सांगा. गाडी मागे न सरकता, बंद न पडता निघाली तर पुढचा महिना मामांबरोबर रोज अर्धा तास. गर्दी, रिव्हर्स, पार्किंग शिकवायला त्यांच्यासारखा शांत माणूस पैसे देऊनही मिळत नाही. नाही निघाली, तर उरलेले दहा दिवसही स्कूललाच द्या. तोवर आपली गाडी मिस्टरच चालवू देत.