अक्षराच्या जागी आकडा: हौस की हुकलेलं बोट?

प्रश्न: कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या इंग्रजी विभागाचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलंय. एका कवितेत 's0 l0n3ly in th15 r00m' अशी ओळ आहे. एका लेखात 't9morrow' आणि 'wo0rd' सापडले. एका मुलाने मजकुरासोबतच्या मेलमध्ये रोमन लिपीतून मराठीत '05 n5gha36' असं काहीतरी लिहिलंय, ते वाचताच येत नाही. आणि जुन्या अंकांची पानं स्कॅन करून घेतली, तर त्यात 'l947' दिसतं. यातलं मुद्दाम केलेलं कुठलं आणि चुकून झालेलं कुठलं, हे कसं ओळखायचं? की सरसकट सगळंच दुरुस्त करून टाकू?

उत्तर: सरसकट नको. कवितेच्या ओळीला हात लावू नका, बाकीचं सरळ करा. आता असं का, ते सांगतो.

आकडा अक्षराच्या जागी दोन वाटांनी येतो. एक वाट डोळ्याची: 3 हा उलटा E दिसतो, 4 हा A सारखा, 5 हा S सारखा, 0 म्हणजे O, 1 म्हणजे i किंवा l, 7 म्हणजे T. अमेरिकेत १९८० च्या दशकात संगणकवेड्या मुलांचे फोनच्या तारेवरून चालणारे संदेशफलक होते, तिथे हा खेळ रुजला. आपण 'एलीट' आहोत ही त्यांची मिजास, म्हणून त्या लेखनाचं नावही 'leet' आणि तेसुद्धा लिहायचं '1337' असं. दुसरी वाट बोटाची: अक्षराच्या वरच्या ओळीतला आकडा चुकून दाबला जातो. तेव्हा संशयास्पद शब्द समोर आला की आधी एवढंच पाहायचं, की तो आकडा त्या अक्षरासारखा दिसतो, की कीबोर्डवर त्याच्या शेजारी बसतो?

बहुतेक वेळा निकाल इथेच लागतो, कारण दिसणं आणि शेजार क्वचितच जुळतात. 'th15' घ्या. s हे अक्षर मधल्या ओळीत आहे, त्याला एकही आकडा चिकटलेला नाही. 5 दाबायला बोट एक अख्खी ओळ ओलांडून आणि बरंच उजवीकडे जावं लागतं. चुकून इतका प्रवास होत नाही. i ला वरच्या अंगाला 8 आणि 9 चिकटलेले आहेत, 1 तर कीबोर्डच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे एका शब्दात दोन आकडे, दोन्ही दिसायला जुळणारे आणि दोन्ही शेजारी नसणारे. हे कवीने ठरवूनच केलंय. त्याच न्यायाने a च्या जागी 4 दिसला की तो हौसेचाच. t च्या जागी 7 आला तरी हौसच, कारण t च्या डोक्यावर 5 आणि 6 आहेत, 7 नाही.

गोची फक्त दोन ठिकाणी होते, 3 आणि 0. 3 हा E सारखा दिसतोही आणि e च्या वर बसतोही. 0 हा O सारखा दिसतो आणि o च्या उजव्या खांद्यावर असतो. नेमके हेच दोन आकडे या खेळात सर्रास वापरले जातात, त्यामुळे नुसता 's0' हातात दिला तर घोटाळा होणारच.

यातल्या o चं थोडं बारकाईने पाहू. टायपिंगच्या क्लासात शिकवतात त्या पद्धतीने उजव्या हाताची अनामिका l वर असते, तिथून वर o, आणि त्याच रांगेत आणखी वर 9. शून्याचं काम करंगळीकडे, p च्या रांगेत. म्हणजे o दाबताना अनामिका जरा जास्त ताणली गेली, तर ती 9 वर पडते. तुमच्या 't9morrow' मध्ये हेच झालंय. फोनवरही तेच. बऱ्याच फोनच्या कीबोर्डवर वरच्या ओळीतलं अक्षर दाबून धरलं की आकडा उमटतो, q ला 1, w ला 2 असं करत o ला 9 आणि p ला 0. तिथे o वर अंगठा रेंगाळला तर 9 येईल, 0 नाही. o च्या जागी 9 हा आकडा हौसेने कोणी घालत नाही, त्या खेळात 9 घालतात तो g किंवा q साठी. म्हणून o चा 9 झाला असेल तर बेलाशक दुरुस्त करा. o चा 0 झाला असेल तर पारडं हौसेकडे झुकतं, पण खात्री नाही, कारण दोन बोटांनी टायपिंग करणाऱ्याचा नेम 0 वरही पडू शकतो. e चा 3 मात्र कुठल्याच बाजूला झुकत नाही. टायपिंगच्या रांगेतही तोच, फोनवरही तोच.

अशा वेळी आजूबाजूला पाहायचं. बोट हुकतं तेव्हा ते अनेकदा दोन कळांच्या फटीवर पडतं आणि दोन्ही उमटतात. 'wo0rd' मध्ये o जागेवर आहेच, 0 नुसता आगंतुक आहे. हौशी माणूस अक्षर काढून आकडा बसवतो, तो अक्षर ठेवत नाही. उलट 'r00m' मध्ये दोन शून्यं लागोपाठ आहेत आणि एकही o उरलेला नाही. एकाच शब्दात बोट दोनदा नेमक्या त्याच जागी हुकणं अवघड. मग पूर्ण ओळ वाचा: 's0', 'l0n3ly', 'r00m', एकही o सुटलेला नाही. त्यात 'th15' ची साक्ष आहेच, तिच्यामुळे शेजारचे संशयित 3 आणि 0 ही ठरवून आलेले ठरतात.

इथे एक इशारा द्यायला हवा. 'सगळीकडे सारखं केलंय म्हणजे मुद्दाम केलंय' हा नियम कोणी सांगितला तर तो अर्धाच खरा. तुमचं '05 n5gha36' पाहा. काही लहान लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा चौकोन नसतो, तो उजव्या हाताखालच्या अक्षरांतच दडवलेला असतो. Num Lock चालू राहिलं की u, i, o चे 4, 5, 6 होतात, j, k, l चे 1, 2, 3 आणि m चा 0. आता उलट वाचा: 0 म्हणजे m, 5 म्हणजे i. पुढे n, 5 म्हणजे i, मग gha, 3 म्हणजे l, 6 म्हणजे o. 'mi nighalo', मी निघालो. बिचारा मेल पाठवून निघालासुद्धा. इथे प्रत्येक i चा बिनचूक 5 झालाय, सातत्य हौशी माणसापेक्षाही कडक आहे, तरी हेतू शून्य. ओळखायची खूण म्हणजे आकडे दिसायला जुळत नाहीत. 6 मध्ये कोणाला o दिसत नाही, 3 मध्ये l दिसत नाही. आणि डाव्या हाताची अक्षरं सगळी शाबूत आहेत.

कधी कधी चूकच पुढे हौस होते. उद्गारचिन्ह 1 च्याच कळीवर असतं, Shift धरून दाबावं लागतं. आवेशात लिहिताना Shift वरचं बोट आधी सुटलं की '!!!11' उमटतं. ही शुद्ध चूक. मग लोकांनी तिची टर उडवायला '!!!11one' लिहायला सुरुवात केली. हा 'one' मला फार आवडतो. 1 चुकून पडू शकतो, पण o, n, e ही तीन अक्षरं क्रमाने चुकून पडत नाहीत. म्हणजे लिहिणारा स्वतःच सांगतोय की वरचे 11 सुद्धा नाटकाचा भाग आहेत. गेममध्ये समोरच्याला चीत करणं या अर्थाच्या 'own' चं 'pwn' झालं तेही o आणि p शेजारी असल्यामुळे, असं साधारणपणे मानतात. आज मात्र 'pwn' लिहिणारा चुकत नसतो. तुमच्या मुलांपैकी कोणी व्हिडिओ गेमवर लिहिलं असेल आणि त्यात हा शब्द असेल, तर त्याचा 'own' करू नका.

'gr8' किंवा आपल्याकडचं '100rabh' हे वेगळं बिऱ्हाड. तिथे आकडा दिसण्यावरून नाही, उच्चारावरून येतो. आठचा 'एट', शंभराचा 'सौ'. तिथे चुकीचा संशय घ्यायची वेळच येत नाही, कारण एक आकडा एकाहून जास्त अक्षरं गिळून बसलेला असतो.

मराठी मुलुखात दिसण्यावरचा खेळ कीबोर्डपेक्षा गाड्यांच्या नंबरप्लेटवर जास्त रंगला, आणि तोही उलट्या दिशेने. आकडे आरटीओने दिलेले, त्यातून अक्षरं काढायची. 8055 चं इंग्रजी 'BOSS' होतं. 214 वर पेंटरने शिरोरेषा ओढली, 2 ला जरा र चं वळण दिलं, 1 चा काना केला आणि 4 चा म, की 'राम' तयार. 4912 चं 'पवार' करताना तोच 4 प होतो. इथे आकडा चुकीचा असण्याचा प्रश्न नसतो, हेतू दिसतो तो फक्त शिरोरेषेत आणि वळणात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठरावीक ठशाची उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, तिच्यावर शिरोरेषा ओढता येत नाही. त्यामुळे आता नव्या गाडीवर 8055 दिसला, तर मालकाने जादा पैसे भरून घेतला की रांगेत आपोआप वाट्याला आला, हे पाटीवरून कळत नाही.

राहिला 'l947'. इथे दिसण्याची कसोटी फसते, कारण l आणि 1 दिसायला सारखे आहेत, तरी कोणाचाही हेतू नाही. स्कॅन केलेल्या चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअरही आकारावरूनच ओळखतं, त्यामुळे त्याच्या चुका हौशी लेखनासारख्या भासतात. ती पकडायची तर त्याच पानावर दुसऱ्या आकारचुका शोधा. 'modern' चं 'modem' झालेलं दिसलं, म्हणजे r आणि n चिकटून m झाले, की समजा हे स्कॅनचं काम आहे. हौशी माणूस असलं कधी करत नाही. शिवाय स्कॅनची चूक धरसोडीची असते, एका ओळीत 'l947' तर पुढच्या ओळीत '1947' नीट.

जुन्या पानांवर सगळीकडे न चुकता l च असेल, तर मात्र मूळ पान छापील आहे की टाइप केलेलं, ते बघा. इंग्रजी टाइपरायटरच्या अनेक जुन्या नमुन्यांत 1 ची कळच नसायची, टायपिस्ट लहान l दाबून काम भागवायचे. तसं असेल तर सॉफ्टवेअरने कागदावर होतं तेच वाचलंय. तरी अंकात छापताना l च्या जागी 1 च घाला. टायपिस्टलाही तेच म्हणायचं होतं.