पाऊण त्रिक सव्वादोन: कृती तिप्पट करताना पडणारे प्रश्न

नानकटाईच्या कृतीत पाऊण कप तूप आणि पाऊण कप पिठीसाखर आहे. दिवाळीसाठी तिप्पट करायची आहे. कॅल्क्युलेटरवर २.२५ येतं. तेवढा कप कुठून आणायचा?

२.२५ म्हणजे सव्वादोन. दोन कप सपाट भरून घ्या आणि त्यात पाव कप घाला. जुन्या पाऊणकीत हे पाठच असायचं: पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन. स्वयंपाकात येणारे अपूर्णांक मोजकेच असल्यामुळे कॅल्क्युलेटरची गरज सहसा पडत नाही. पावाची तिप्पट पाऊण, अर्ध्याची दीड, दिडाची साडेचार.

कॅल्क्युलेटर नडतो तो एक तृतीयांशाला. तिथे ०.३३ ची तिप्पट ०.९९ दिसते आणि माणूस कप जरासा कमी भरायला जातो. तो पूर्ण एक कपच आहे, आणि दोन तृतीयांशाचे बरोबर दोन. कागदावर करत असाल तर तिनाने फक्त वरचा आकडा गुणायचा: ३/४ चे ९/४. घाईत वरचा आणि खालचा दोन्ही गुणले की ९/१२ येतात, म्हणजे फिरून पाऊणच.

एक नेहमीची कृती घेऊ: दीड कप मैदा, पाव कप बेसन, दोन टेबलस्पून रवा, पाऊण कप तूप, पाऊण कप पिठीसाखर, पाव टीस्पून सोडा. तिप्पट केल्यावर मैदा साडेचार कप, बेसन पाऊण कप, रवा सहा टेबलस्पून, तूप आणि साखर सव्वादोन-सव्वादोन कप, सोडा पाऊण टीस्पून.

सव्वादोन कप साखर पाव कपाच्या मापाने नऊदा घेऊ नका. मोजणी चुकते, आणि प्रत्येक वेळी वर राहिलेला छोटा उंचवटा नऊ वेळा जमा होतो. मोठ्यात मोठं माप आणि कमीत कमी खेपा, हे धोरण बरं. थिजलेल्या तुपाची गोष्ट वेगळी. मोठ्या कपात दाबून भरलं तरी मध्ये पोकळ्या राहतात आणि तूप कमी भरतं, मग नानकटाई भुगा होते. वजनकाटा असेल तर पाऊण कप तूप एकदा वजन करा. ते १६० ग्रॅमच्या आसपास भरेल. जो आकडा येईल त्याची तिप्पट घ्या आणि कप बाजूला ठेवा.

आमच्याकडे कप नाहीत, स्टीलची वाटी आहे. शंकरपाळी: एक वाटी दूध, एक वाटी तूप, पाऊण वाटी साखर, मावेल तेवढा मैदा. एरवी मस्त होते. तिप्पट केली की लगेच लाल होते आणि आत कच्ची राहते. साखर सव्वादोन वाट्याच घेतली होती.

गुणाकार बरोबर आहे, चूक वाटीच्या आकारात आहे. वाटी तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असते. तिच्या पाऊण उंचीपर्यंत साखर भरली म्हणजे पाऊण वाटी झाली, असं डोळ्यांना वाटतं. पण वाटीचं बरंचसं माप वरच्या रुंद भागात असतं, आणि तोच भाग आपण रिकामा सोडतो. तोंडाच्या निम्मा तळ असलेली, सरळ उतरत्या कडांची वाटी धरली तर पाऊण उंचीला माप फक्त ०.६२ वाटी भरतं.

म्हणजे तुमच्या चांगल्या जमणाऱ्या शंकरपाळ्यात साखर पाऊण वाटी नव्हतीच, ०.६२ होती. तिची तिप्पट १.८७. तुम्ही मात्र दोन वाट्या काठोकाठ घेतल्या आणि वर पाव उंचीपर्यंत भरलेली आणखी एक. ही शेवटची जेमतेम ०.१४ वाटी भरते, तरी एकूण २.१४ झाली. दूध आणि तूप पूर्ण वाटीचं असल्यामुळे त्यांची तिप्पट बरोबर आली, साखर तेवढी पाव वाटीने वाढली. जास्त साखरेची शंकरपाळी बाहेरून पटकन रंग धरते, आपण घाईने झारा घालतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं.

तुमच्या वाटीत किती फरक पडतो ते पाण्याने पाहता येतं. नेहमी जिथवर पाऊण समजता तिथवर वाटीत पाणी भरून पातेल्यात ओता, असं चार वेळा. चार पाऊण म्हणजे तीन. आता तेच पाणी वाटीने काठोकाठ मोजून बाहेर काढा. तीन वाट्या भरल्या तर तुमचा अंदाज अचूक आहे. अडीचच भरल्या तर वर सांगितलेला प्रकार तुमच्याकडे होतो आहे.

यावर उपाय सोपा आहे. साखर सव्वादोन करूच नका. त्याच वाटीत, त्याच खुणेपर्यंत, तीन वेळा घ्या. घरच्या कृतीतला ‘पाऊण’ हा घरचा आकडा असतो, त्याला बाहेरच्या गणितात नेलं की तो बदलतो. दुसऱ्याची कृती पहिल्यांदाच करत असाल तर उभ्या कडांचा पेला घ्या. त्यात पाऊण उंची म्हणजे खरोखर पाऊण माप.

सत्यनारायणाचा प्रसाद सव्वा वाटीचा करतो: सव्वा वाटी रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, साडेतीन वाट्या दूध. यंदा माणसं जास्त आहेत. तिप्पट केला तर ‘सव्वा’ राहत नाही, असं सासूबाई म्हणतात.

सव्वा त्रिक पावणेचार. तेव्हा रवा, तूप, साखर पावणेचार वाट्या आणि दूध साडेदहा. सासूबाईंचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं आहे, कारण त्यातच सगळ्यात सोपी युक्ती दडली आहे. आकडा बदलू नका, माप बदला. ज्यात तुमच्या तीन वाट्या पाणी बरोबर मावतं असं एखादं भांडं शोधा आणि त्याने सव्वा रवा, सव्वा तूप, सव्वा साखर, साडेतीन दूध घ्या. प्रसाद तिप्पट होतो आणि सव्वाही राहतो. भांडं उभ्या कडांचं असावं, नाहीतर पाव भाग मोजताना वाटीचाच घोटाळा पुन्हा होईल.

सगळी सामग्री एकाच मापात असेल तर ही युक्ती कुठल्याही पदार्थाला चालते. चमच्याने घ्यायच्या वस्तू, इथे वेलचीपूड, तेवढ्या वेगळ्या तिप्पट करायच्या.

खरी अडचण भाजण्यात येते. पावणेचार वाट्या रव्याचा थर नेहमीच्या कढईत जाड होतो. तळचा रवा लाल होतो आणि वरचा पांढरा राहतो, मग शिऱ्यात कच्चट, चिकट गोळे लागतात. तूप आणि रव्याचे तीन भाग करून वेगवेगळे भाजा आणि शेवटी मोठ्या पातेल्यात एकत्र करा. भाजण्याची वेळ घड्याळाने तिप्पट करू नका. वास सुटला, रवा हलका झाला आणि कडेने तूप दिसू लागलं की तो भाग झाला.

दूध उकळतं घाला, पण साडेदहा वाट्यांतली एक वाटी मागे ठेवा. रवा जे दूध पितो ते तिप्पट होतं, वाफेने उडणारं मात्र तेवढ्या पटीत वाढत नाही, कारण पातेल्याचं तोंड काही तिप्पट रुंद नसतं. झाकण ठेवून पाच मिनिटांनी रवा कोरडा दिसला तर ती वाटी घाला, नाहीतर राहू द्या.

पाव टीस्पून सोडा, दीड टेबलस्पून दही, अशा बारीक मापांची तिप्पट कशी घ्यायची? की सोडा तिप्पट करूच नये?

सोडा तिप्पटच करा. तो पिठाच्या आणि दह्याच्या प्रमाणात काम करतो. पावाची तिप्पट पाऊण टीस्पून, म्हणजे अर्धा आणि पाव. सुरीच्या पाठीने चमचा सपाट करा. शिगोशीग भरलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळपास दुप्पट भरू शकतो, आणि ‘तिप्पट सोडा कडू लागला’ ही तक्रार बहुधा इथून येते. पोह्यांचा चमचा इथे वापरू नका, टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर. जास्तीच्या पिठात सोडा नीट मिसळण्यासाठी दोनदा चाळा, नाहीतर भाजल्यावर तपकिरी ठिपके दिसतात आणि नेमके तेच साबणासारखे लागतात.

दीड टेबलस्पूनचे साडेचार. चार टेबलस्पून म्हणजे पाव कप, उरलेला अर्धा म्हणजे दीड टीस्पून. म्हणून दही पाव कप आणि वर दीड टीस्पून.

हा हिशोब १५ मिलिलिटरच्या टेबलस्पूनचा आहे. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा, म्हणजे चार टीस्पूनचा असतो. मेलबर्नच्या मावशीने पाठवलेली कृती असेल तर आधी हे विचारून घ्या.

पाऊण कप साखर, पाऊण कप दही वगैरेचा रव्याचा केक सात इंची टिनमध्ये करते. तिप्पट मिश्रण नऊ इंची टिनमध्ये घातलं तर मध्ये कच्चा राहिला.

नऊ इंची टिनचा तळ सात इंचीच्या तिप्पट नसतो, जेमतेम १.६५ पट असतो. त्यामुळे मिश्रणाचा थर जवळजवळ १.८ पट उंच झाला. मध्यापर्यंत उष्णता पोचेस्तोवर कडा वाळून गेल्या असतील. एकाच टिनमध्ये तेवढाच थर हवा असेल तर बारा इंची टिन लागेल, आणि तो घरच्या ओव्हनमध्ये मावणं कठीण. दोन नऊ इंची टिन मात्र जमतात. थर नेहमीपेक्षा किंचित पातळ होतो, म्हणून पाच मिनिटं आधीच सुरी घालून बघायला लागा.

दोन्ही टिन एका वेळी ओव्हनमध्ये बसत नसतील तर सोडा सगळ्या मिश्रणात एकदम घालू नका. दह्याशी गाठ पडताच सोड्याचा वायू सुटू लागतो, आणि ओट्यावर वाट पाहणारं मिश्रण अर्ध्या तासात बसतं. भिजवलेला रवा दोन सारख्या भागांत ठेवा, सोड्याचेही दोन भाग करा, आणि दुसरा भाग पहिला केक बाहेर येताना मिसळा.