रिक्रूटरला थँक्यू मेल पाठवतेयस ना, मग दहा मिनिटं थांब

अगं,

तुझा ड्राफ्ट वाचला. ऑफर हातात आल्यावर त्या मॅडमना मेल करायचं सुचलं हेच खूप आहे, मी सहा वर्षं पुण्यात कन्सल्टन्सीत रिक्रूटर होते आणि जॉइन झाल्यावर फोनसुद्धा न उचलणारी मंडळी ढिगाने बघितलीत. पण तू जे लिहिलंयस ना, "आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आणि मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक आभार", ते सोसायटीच्या गणपतीतल्या आभारप्रदर्शनासारखं झालंय. त्यात त्या मॅडम कुठेच नाहीत, तूही नाहीस.

आधी त्यांच्या बाजूने बघ. त्या कंपनीच्या एचआर नाहीत, बाहेरच्या कन्सल्टन्सीच्या आहेत. तुझ्याकडून एक रुपया घेत नाहीत, पैसे कंपनी देते, आणि बऱ्याच ठिकाणी रेट असतो वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. तुझं पॅकेज साडेसात लाख, म्हणजे साडेबासष्ट हजारांच्या आसपासचं बिल. पण हे बिल ऑफर लेटरवर निघत नाही, तू प्रत्यक्ष जॉइन झाल्यावर निघतं, आणि त्यानंतरही साठ-नव्वद दिवसांत तू सोडून गेलीस तर बहुतेक करारांत त्यांना बदली कॅन्डिडेट फुकट द्यावा लागतो नाहीतर पैसे परत. आता तुझा नोटिस पिरियड दोन महिन्यांचा, त्या दोन महिन्यांत तू दुसरी ऑफर शोधणार का ही धाकधूक त्यांना रोज असते. म्हणून तुझ्या मेलमधलं सगळ्यात गोड वाक्य आभाराचं नसणारच, ते असणार "राजीनामा दिला, ॲक्सेप्ट झाला, १६ जूनला जॉइन होतेय". आणि हे तू लिहिलंच नाहीयेस! अर्थात खरं असेल तरच लिही, अजून कुठे इंटरव्ह्यू चालू असेल तर ही ओळ घालू नकोस.

दुसरं म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं ते. तूच मला फोनवर सांगितलं होतंस की पहिल्या राउंडला नाशिकला तुझ्या घरी लाइट गेली, व्हिडिओ मधेच बंद पडला, कंपनीने सिस्टिममध्ये नो शो टाकलं आणि मॅडमनी तासाभरात फोनाफोनी करून दुसऱ्या दिवशीचा स्लॉट मिळवला. अगं हेच लिही की! नो शो पडल्यावर पुन्हा स्लॉट काढणं सोपं नसतं, पॅनेलवाल्याला पटवावं लागतं की पोरगी खरंच अडकली होती, बहाणा नाहीये. असं काम कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, तिथे फक्त किती सीव्ही पाठवले आणि किती जॉइन झाले एवढंच मोजतात. माझ्याकडे सोलापूरच्या एका मुलाचा मेल होता, चारच ओळींचा, की रात्री पावणेनऊला तुमचा फोन आला तेव्हा मी एसटीत होतो, लिंक बदलली हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी सकाळी जुन्याच लिंकवर वाट बघत बसलो असतो. मी तो प्रिंट काढून डेस्कला चिकटवला होता, जॉब बदलला तेव्हा सोबत नेला.

आता महत्त्वाचं. तुझ्या ड्राफ्टमधली तिसरी ओळ, "बजेट आठपर्यंत आहे हे तुम्ही सांगितलंत म्हणून मी नीट निगोशिएट करू शकले". ही आत्ताच्या आत्ता काढ. तुझ्या मनात काही वाईट नाही हे मला कळतं, पण कंपनीचं बजेट कॅन्डिडेटला सांगणं त्यांच्या क्लायंटला अजिबात आवडणार नाही, आणि चांगला थँक्यू मेल पुढे जातोच, त्या आपल्या लीडला फॉरवर्ड करतील, लीड कौतुकाने क्लायंटच्या एचआरला करेल. माझ्या बाबतीत झालंय हे. एका मुलीने भरभरून लिहिलं की तुम्ही सांगितलेलेच दोन प्रश्न दुसऱ्या राउंडला आले, लीडने न वाचताच पुढे पाठवलं, आणि मग मला केबिनमध्ये बसवून विचारलं की पेपर फोडायचा पगार देतो का आम्ही. चूक माझीच होती म्हणा, पण ती लेखी माझ्या नावावर त्या थँक्यूमुळे चढली. तर अशा गोष्टींचे आभार फोनवर मान, मेलमध्ये नाही.

त्याच कारणासाठी जुन्या ट्रेलवर रिप्लाय करू नकोस. त्या ट्रेलला कंपनीची एचआर सीसीमध्ये आहे, खाली तुझा पगाराचा ब्रेकअप आहे, पॅनकार्ड जोडलेलं आहे. मेल फॉरवर्ड झाला की ते सगळं शेपटासारखं मागे जातं. नवा मेल काढ, पर्सनल आयडीवरून, सध्याच्या ऑफिसच्या आयडीवरून चुकूनही नाही. आणि सब्जेक्टमध्ये नुसतं "थँक्यू" नको, त्यांच्याकडे एकाच वेळी वीस-पंचवीस कॅन्डिडेट असतात, तुझं नाव, पोझिशन आणि तारीख टाक.

मी साधारण असं लिहिलं असतं. तुम्ही फोनवर मराठीत बोलता पण मेल पुढे जाणार म्हणून तू इंग्रजीत कर, फक्त वाक्यं एवढीच साधी ठेव:

"मॅडम, डेटा अ‍ॅनालिस्टची ऑफर मी साइन करून पाठवली. राजीनामा सोमवारी दिला, तो मंजूर झालाय, १६ जूनला जॉइन होतेय. पहिल्या राउंडला लाइट गेली तेव्हा मला वाटलं संपलं, तुम्ही त्याच संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा स्लॉट मिळवून दिलात. आणि सीव्हीत मी प्रोजेक्ट शेवटच्या पानावर टाकला होता, तो तुम्ही वर घ्यायला लावलात, दोन्ही राउंडला पहिला प्रश्न त्याच्यावरच आला. मनापासून थँक्यू. रिलीव्हिंग लेटरच्या तारखेत काही बदल झाला तर लगेच कळवेन."

बस. मैत्रिणीचा सीव्ही याला जोडू नकोस, आभारासोबत काम आलं की आभार त्या कामासाठीच वाटतात. तो दोन आठवड्यांनी वेगळा पाठव, त्यांना आवडेलच, रेफरन्स सगळ्यांनाच हवे असतात. मिठाई-गिफ्ट व्हाउचर पण नको, बऱ्याच ठिकाणी घेता येत नाही आणि त्यांनाच अवघड होतं.

जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाक, जॉइन झाले, लॅपटॉप मिळाला, टीम बरी आहे, एवढंच. बिल त्यानंतरच जाणार असतं, त्यामुळे तो मेसेज त्या लगेच वाचतील बघ.

आणि हो, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या पोर्टलवर तुझी दुसऱ्या वर्षाची मार्कशीट अजून अपलोड झालेली नाही म्हणत होतीस. ते आज रात्री कर, मेल उद्या सकाळी पाठव.

तुझी,
ताई