मुक्कामी गाडी कोणत्या गावची?

प्रश्न: आमच्या धारणी तालुक्यातल्या एका बैठकीत एक साहेब म्हणाले, शहराचा छापलेला आकडा ‘डी ज्युरे’ म्हणजे कायदेशीर लोकसंख्येचा असतो, ‘डी फॅक्टो’ त्याहून जास्त असते. हे बरोबर आहे का? आणि या दोन शब्दांना मराठीत काय म्हणायचं?

उत्तर: ‘कायदेशीर लोकसंख्या’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. मग उरलेली माणसं बेकायदेशीर का? लॅटिनमध्ये ‘यूस’ म्हणजे कायदा किंवा हक्क आणि ‘फाक्तुम’ म्हणजे घडलेली गोष्ट, हे खरं. पण जनगणनेत हे शब्द आले की कायद्याचा वास निघून जातो. तिथे डी ज्युरे म्हणजे माणूस जिथे एरवी राहतो तिथे मोजणं, आणि डी फॅक्टो म्हणजे मोजणीच्या क्षणी सापडला तिथे मोजणं. रेशनकार्ड, मतदारयादी, आधार यांचा दोन्हीशी संबंध नाही. न्यायालयीन मराठीतले ‘विधितः’ आणि ‘वस्तुतः’ इथे आणून बसवणाऱ्यांनी हाच घोटाळा घट्ट केला. ते शब्द कोर्टात शोभतात, मेळघाटातल्या झोपडीच्या दारात नाही.

खरी गंमत आपल्या जुन्या शब्दात आहे. ‘खानेसुमारी’ म्हणजे खाणाऱ्यांची मोजणी, असं सांगणारे अजून भेटतात. तसं नाही. फारसी ‘खाना’ म्हणजे घर, तोच दवाखान्यातला आणि कारखान्यातला. ‘शुमार’ म्हणजे गणती. खानेसुमारी म्हणजे घरांची गणती. आता या ‘शुमार’चं मराठीने काय केलं पाहा. मोजता येत नाही ते ‘बेसुमार’, इथवर अर्थ शाबूत आहे. पण ‘सुमारे’ म्हणजे अंदाजे! मोजण्याचा शब्दच न मोजता सांगण्यासाठी वापरणारी भाषा मोजणीदारांना चांगली ओळखत असली पाहिजे. (‘सुमार’ दर्जाचं पुस्तक हा त्याच वाटेवरचा पुढचा उतार.)

यावर माझं एक मत आहे, ते कोशात सापडणार नाही. खानेसुमारी घर धरून मोजते, म्हणून ती मनाने डी ज्युरे. शिरगणती डोकं धरून मोजते आणि डोकं असेल तिथेच मोजावं लागतं, म्हणून ती डी फॅक्टो. ‘फारसी शब्द काढा, जनगणना म्हणा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी एक शब्द स्वच्छ केला आणि हाताशी असलेला भेद घालवला.

पण इतिहास माझ्या मताला साथ देत नाही, हेही सांगतो. वऱ्हाडात जिला सर्रास खानेसुमारी म्हणत, ती इंग्रजी अमदानीतली मोजणी १८८१ पासून १९३१ पर्यंत एका रात्रीची, म्हणजे पक्की डी फॅक्टो होती. आधी कच्ची यादी करायची, दारावर गेरूने आकडा टाकायचा. मग ठरल्या रात्री प्रगणकाने दारोदार फिरून गेलेल्यांची नावं खोडायची आणि आलेल्यांची चढवायची. रात्र शक्यतो चांदण्याची निवडत आणि जत्रा, लग्नतिथी टाळत, कारण त्या रात्री जत्रेतला माणूस जत्रेच्या गावाचा धरला जाई. १९४१ पासून ही एका रात्रीची धावपळ सुटली.

आताची पद्धत दोहोंच्या मधली आहे. २०११ मध्ये मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी चालली आणि संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या म्हणून आकडा सांगतात तो क्षण, १ मार्चच्या सुरुवातीची मध्यरात्र होता. नियम असा: या वीस दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी थोडा काळ जरी असला, तरी तो त्या घरी मोजायचा. वीसही दिवस बाहेर असेल तर सापडेल तिथे. बेघर माणसं २८ च्या रात्री, आणि १ ते ५ मार्च पुन्हा फेरी मारून जन्म-मृत्यूची दुरुस्ती. याला विस्तारित डी फॅक्टो म्हणतात.

तुमच्याच तालुक्यातलं एक कल्पित घर घ्या, सात माणसांचं. म्हातारा-म्हातारी गावात. मुलगा, सून आणि दोन नातवंडं दिवाळीनंतर अमरावतीच्या बाहेर वीटभट्टीवर गेलेली, होळीला परतणारी. नात अमरावती शहरात वसतिगृहात. मुलगा १६ फेब्रुवारीला दोन दिवस गावी येऊन गेला.

शुद्ध डी ज्युरेने गावात सहा, कारण भट्टीवरचा मुक्काम चार-साडेचार महिन्यांचा आणि नेहमीच्या राहण्याची प्रचलित कसोटी वर्षातल्या निम्म्याहून जास्त काळाची. एका रात्रीच्या डी फॅक्टोने गावात दोनच. आपल्या नियमाने तीन, कारण मुलगा १ मार्चला भट्टीवर झोपला असला तरी वीस दिवसांत घरी दिसला होता. सून आणि मुलं भट्टीवर मोजली जातात. नात तिन्ही हिशेबांत शहराची.

चूक होते ती मुलाच्याच बाबतीत. भट्टीवरच्या प्रगणकाने ‘९ तारखेपासून गावी गेला होतास का?’ हे विचारायलाच हवं. नाही विचारलं तर मुलगा दोनदा मोजला जातो. उलट म्हातारा ‘पोरगा इथं नाही राहत सध्या’ म्हणाला आणि प्रगणकाने तेवढ्यावर वही मिटली, तर एकदाही नाही. न मोजलं जाणं हे दोनदा मोजलं जाण्यापेक्षा जास्त घडतं: २०११ च्या मोजणीनंतरच्या पडताळणीत निव्वळ गळती हजारी सुमारे २३ निघाली. (इथला ‘सुमारे’ मुद्दाम.) २०११ ची होळी १९ मार्चला होती, म्हणजे मोजणी संपली तेव्हा मेळघाटातली भट्टीवर गेलेली माणसं अजून परतायची होती.

आता साहेबांचा छापलेला आकडा. उदाहरण म्हणून नागपूर घ्या: तिथले २४,०५,६६५ हे २०११ चे, याच विस्तारित डी फॅक्टोने महापालिका हद्दीत मोजलेले. वसतिगृहातली पोरं त्यात आहेत. कामठीहून रोज येऊन संध्याकाळी परतणारा नाही, कारण तो रात्री कामठीत झोपतो आणि राहतोही तिथेच. दिवसा भरलेल्या शहराची संख्या ही तिसरीच चीज आहे, तिला डी फॅक्टो म्हणू नये. साहेबांचा ‘जास्त’ बहुधा तिथूनच आला. कुठे २४,९७,८७० दिसलं तर ते लगतच्या वस्त्या धरून केलेल्या नागरी समूहाचे. पद्धत तीच, हद्द वेगळी. आपल्या कल्पित घरातली सून भट्टीवर मोजली गेली खरी, पण भट्टी ज्या ग्रामपंचायतीत, त्या गावात. अमरावती महापालिकेच्या आकड्यात ती येत नाही.

मराठी शब्द? ‘राहती लोकसंख्या’ आणि ‘मुक्कामी लोकसंख्या’. परतवाडा आगाराची एसटी रात्री तुमच्या गावात थांबते तिला आपण मुक्कामी गाडी म्हणतो, आगाराची म्हणून तिचं नाव बदलत नाही. डी फॅक्टो याहून सोप्या शब्दात सांगता येत नाही. पत्त्यातला ‘मु. पो.’ मात्र तोच मुक्काम असून राहतं घर सांगतो, ही अडचण मला मान्य आहे. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भक्षणही १ मार्चच आहे आणि होळी पुन्हा मार्चच्या उत्तरार्धात, तेव्हा प्रगणक दारात आला की म्हाताऱ्याला ‘पोरगा इथं राहत नाही’ एवढंच म्हणू देऊ नका, तो फेब्रुवारीत येऊन गेला का, ते सांगायला लावा.