अमेरिकेतून आलेल्या फाइलमधल्या तारखा

अमेरिकेतल्या क्लायंटकडून डिलिव्हरीच्या तारखांची सीएसव्ही फाइल आली, की ती डबल क्लिक करून लगेच उघडू नकोस. ते महिना आधी लिहितात, आपला कॉम्प्युटर दिवस आधी वाचतो.

समज, फाइलमध्ये 03/25/2025 आणि 03/05/2025 अशा दोन तारखा आहेत. पंचविसावा महिना नसतोच, म्हणून एक्सेल पहिलीला हात लावत नाही. ती साधा मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटून राहते. दुसरी मात्र गुपचूप ३ मे होते आणि उजवीकडे जाते. क्लायंटला हवा होता ५ मार्च. खरा धोका या दुसरीचाच, कारण ती अगदी बरोबर दिसते. तेव्हा एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, तर काम तिथेच थांबव.

अशी फाइल हाताने दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. मूळ फाइलची कॉपी घे, नावातलं .csv बदलून .txt कर आणि एक्सेलमधून उघड. विझार्डच्या तिसऱ्या पायरीवर तारखांचा कॉलम निवडून Date समोर MDY ठेव.

सगळ्या तारखा बारापर्यंतच्याच असतील, तर ही डावी-उजवी खूण मिळणार नाही. मग सरळ विचार: "५ मार्च की ३ मे?" महिना अक्षरांत लिहूनच विचार, नाहीतर उत्तरही 03/05 असंच येतं! कॅनडावाल्यांना तर दरवेळी विचार. तिथे दोन्ही पद्धती चालतात.