पावती हातात, पैसे वाटेत

तुझी कथा वाचली. नायक बँकेत पैसे भरतो आणि पुढच्याच ओळीत आईचा फोन येतो, ‘मिळाले रे.’ इथे फार घाई झाली. आजवर तो गावी निघालेल्या सोबत्याच्या हाती पैसे द्यायचा. त्यात ओळखीचा चेहरा होता. आता खिडकीतून फक्त एक पावती मिळते, आणि खरी कथा तिथेच आहे.

स्लिप भरताना थांब. सिमेंटने भेगाळलेली बोटं, खातेक्रमांकाचे छोटे चौकोन. नाव घरात हाक मारतात ते चालत नाही, पासबुकावरचंच लागतं. आईचं पूर्ण नाव तो कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत असेल. मला तर हाच प्रसंग सगळ्यात जास्त हवा आहे.

आकडे त्याला फोनवर दोनदा वाचून घेऊ दे. एक आकडा चुकला तर पैसे सहसा परत येतात, पण तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला तर त्याच्या खात्यात जमा होऊ शकतात, आणि मग सोडवणं अवघड. ही भीती त्याला माहीत असू दे.

मग रात्रभर पावती उशाखाली राहू दे. आईचा फोन सकाळी.