सुरू करताना निळा, ओढताना काळा: ट्रॅक्टरच्या धुराविषयी

तुमचा जुना ट्रॅक्टर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर सोडतो आणि काळ्या रानात रोटाव्हेटर लावताच काळा धूर ओकतो, असे तुम्ही लिहिले आहे; या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. रात्रभरात वॉल्व्हच्या झिजलेल्या गाईडमधून किंवा कडक झालेल्या सीलमधून ऑइल झिरपते, ते सुरुवातीला जळते आणि धूर मिनिटाभरात विरतो. तो गरम इंजिनातही टिकला, डिपस्टिकवरील पातळी घटत गेली आणि ब्रीदरमधून जोराचा फुंकारा आला, तर रिंगा व लायनर झिजल्याचा संशय घ्यावा. त्याआधी इंजिन उघडण्याची घाई नको.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आपल्याकडे उन्हाळी मशागतीत धूळ इतकी असते की मी प्रथम एअर क्लीनरच पाहतो: ऑइल बाथ प्रकारात वाटीतील ऑइल गाळाने घट्ट झाले असेल, तर वाटी व जाळी धुऊन खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे आणि त्याच रानात, त्याच गिअरमध्ये पुन्हा चालवून पाहावे. धूर कमी झाला, तर कारण सापडले. न झाल्यास रोटाव्हेटरची खोली कमी करावी, आणि तरीही काळाच राहिला, तर नोझल तपासून घ्यावेत. डिझेल पंपावरचे कंपनीचे सील मात्र कुणालाही तोडू देऊ नये.